लाजऱ्या ढगाची गोष्ट: रात्री वाचायच्या एका पुस्तिकेच्या कामाच्या नोंदी

६ जानेवारी

माझी भाची चार वर्षांची आहे. घरात कोणी नवीन माणूस आले की ती ताईच्या मागे जाऊन उभी राहते आणि हातातला खाऊ तिला कोणाला द्यायचा असला, तरी तो देण्यासाठी पुढे येत नाही. रात्री झोपताना ताईने तिला वाचून दाखवावी अशी सोळा पानांची एक पुस्तिका हाताने तयार करायची, असे मी ठरवले. गोष्ट एका लाजऱ्या ढगाची असेल आणि शेवटी तो आपला पाऊस इतरांना देईल, एवढेच आज नक्की झाले आहे.

पहिला खर्डा एका बैठकीत झाला. शब्द मोजले तेव्हा ते ११४० भरले आणि घड्याळ लावून सावकाश वाचले तेव्हा बारा मिनिटे लागली. झोपेला आलेल्या मुलासाठी हे फार लांब आहे, हे मला तेव्हाच कळायला हवे होते. पण वाक्ये आवडली होती, म्हणून मी तो खर्डा तसाच ताईकडे नेला.

१० जानेवारी

पहिले वाचन फसले. सहाव्या पानाच्या आसपास भाचीने विचारले, "मावशी, हा ढग चिक्कू आहे का?"

मी गडबडले, कारण गोष्टीत ‘लाजरा’ हा शब्द सहा वेळा आला होता. घरी येऊन खर्डा पुन्हा वाचला, तेव्हा चूक दिसली. माझा ढग पाणी भरून घेऊन बसलेला होता. झाड येऊन पाणी मागत होते, तो नाही म्हणत होता. मग नदी मागत होती, तो पुन्हा नाही म्हणत होता. शेवटी वारा त्याला दोन शब्द सुनावत होता आणि मग तो बरसत होता. ही सरळसरळ कंजुषाची गोष्ट आहे आणि लाजरेपणाचे नाव तिला वरून चिकटवलेले आहे.

अशी गोष्ट लिहिणाऱ्यांनी करून पाहावी अशी एक सोपी परीक्षा यातून मिळाली. ‘लाजरा’ हा शब्द खोडून त्या जागी सगळीकडे ‘चिक्कू’ लिहायचे आणि गोष्ट वाचायची. काहीही न बदलता ती नीट चालत असेल, तर पात्राचा लाजरेपणा गोष्टीत उतरलेलाच नाही. माझी गोष्ट अगदी व्यवस्थित चालली. चार दिवसांचे काम बाजूला ठेवावे लागले.

१४ जानेवारी

लाजरे मूल वस्तू देत नाही, त्याचे कारण वस्तू सोडवत नाही हे नसते. देताना सगळ्यांचे लक्ष आपल्याकडे जाणार असते, ते त्याला नको असते. ढगाच्या बाबतीत हे आयतेच जुळते, कारण पाऊस आला की सगळे जण मान वर करून बघतात. माझ्या ढगाला पाऊस द्यायचा आहे. वर बघणारे डोळे मात्र त्याला नको आहेत. हे एकदा कागदावर आल्यावर सुनावणारा वारा निरुपयोगी ठरला आणि मी त्याला काढून टाकले. झाडाचे आणि नदीचे मागणेही गेले.

मग प्रश्न उरला तो असा, की पहिल्यांदा पाऊस घेणारे कोण असावे? ज्याला बघताच येत नाही, असे कोणीतरी हवे होते. आंधळे पाखरू मनात आले, पण त्यामुळे गोष्ट दयेकडे झुकली असती. दोन दिवस अडून राहिल्यावर मातीच्या आतली बी सुचली. ती अंधारात असते, तिला तहान असते आणि तिला ढग दिसत नाही. शिवाय ती ढगाला बोलही लावणार नाही, कारण आपण कोणाशी बोलतो आहोत हेच तिला ठाऊक नाही. इथून पुढे गोष्ट आपणहून चालू लागली.

१९ जानेवारी

आजचा सगळा दिवस एका क्रियापदात गेला. खर्ड्यात एक वाक्य होते: "ढगाला वाटलं, आपणही पाणी वाटावं." कागदावर ते मला फार गोड वाटत होते. एकदा मनात येणारे वाटणे आणि एकदा हाताने देण्याचे वाटणे, असे दोन्ही अर्थ शेजारीशेजारी बसले होते. भाचीला ऐकवले तर ती म्हणाली, "काय वाटलं त्याला?" पुन्हा वाचले, तर म्हणाली, "पण कुणाला वाटलं?" ऐकणाऱ्या चार वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांपुढे अक्षरे नसतात, त्याच्या कानावर एकाच आवाजाचे दोन शब्द पडतात आणि दुसऱ्या शब्दाशी ते अडकते. मोठ्यांना गंमत वाटणारी कोटी इथे ठेच ठरते. मी ‘वाटणे’ दोन्ही अर्थांनी काढले आणि सरळ ‘देणे’ ठेवले.

‘पाऊस पाडला’ हेही काढले. पाऊस पडतो, तो आपला आपण पडतो. पाडणे म्हटले की भिंत पाडल्यासारखे किंवा कोणाला ढकलून पाडल्यासारखे ऐकू येते. ढगाने थेंब ‘सोडला’ हे बरोबर बसले. सोडण्यात मुठी उघडल्याचा भाव आहे आणि या ढगाला तेच करायचे आहे.

२५ जानेवारी

ढगाने बीसाठी पाऊस सोडला आणि बीला तो मिळाला, एवढ्यात गोष्ट संपत होती. ती फार सहज संपत होती. मधे एक अडचण हवी होती, पण ती बाहेरून आणलेली नको होती. म्हणजे राक्षस, वादळ, चिडलेला सूर्य असे काही नको होते. अडचण पावसातच असते हे मला ठाऊक होते, फक्त ते इथे आठवायला उशीर झाला.

उंचावरच्या ढगातून पाऊस सुटतो आणि खालची हवा कोरडी असेल, तर थेंब वाटेतच लहान होत होत विरून जातात. दूरवरून पाहिले तर ढगाखाली करड्या झालरी लोंबताना दिसतात, पण त्या जमिनीपर्यंत पोहोचत नाहीत. हवामानाच्या भाषेत याला विर्गा म्हणतात. लाजऱ्या ढगाचा पहिला प्रयत्न असाच व्हावा, म्हणजे त्याने मोठ्या कष्टाने एक थेंब सोडावा आणि तो पोहोचूच नये. ज्या मुलाने धीर करून अगदी हळू आवाजात ‘घे’ म्हटले आणि ते कोणाला ऐकूच गेले नाही, त्या मुलाला हा प्रसंग लगेच कळेल.

यात आणखी एक उपयोगी गोष्ट आहे. वाटेत विरलेले थेंब वाया जात नाहीत. त्यांच्यामुळे खालची हवा गार आणि ओलसर होते आणि त्यानंतर येणारे थेंब अधिक खालपर्यंत टिकतात. म्हणून गोष्टीत तीन प्रयत्न ठेवले. पहिला थेंब लवकर विरतो, पुढचे अर्ध्या वाटेपर्यंत जातात आणि तिसऱ्या वेळी पाऊस पोहोचतो. प्रत्येक वेळी ढग थोडा खाली येतो. द्यायचे असेल तर जवळ यावे लागते, हे मला कुठेही शब्दांत सांगावे लागले नाही.

एका ठिकाणी मात्र मी उगाच वेळ घालवला. ढगातला सूक्ष्म कण साधारण ०.०२ मिलिमीटरचा असतो आणि पावसाचा थेंब साधारण २ मिलिमीटरचा, म्हणजे एका थेंबात तसे सुमारे १० लाख कण मावतात. हे गोष्टीत घालण्यासाठी मी दीड पान लिहिले. ताईने ते वाचले आणि काही न बोलता वही माझ्याकडे सरकवली. त्या दीड पानातून "आतले इवले इवले थेंब गोळा केले" एवढे सहा शब्द उरले, आणि तेवढे पुरेसे आहेत. धीर गोळा करायला वेळ लागतो तसाच थेंब गोळा करायलाही लागतो.

२ फेब्रुवारी

दुसरे वाचन झाले. शब्द आता पाचशेच्या आत आले होते. भाची शेवटपर्यंत शांत होती आणि गोष्ट संपल्यावर उठून बसली. "मावशी, पाऊस दिला तर ढग संपला ना?"

हा प्रश्न या विषयात दडलेला खड्डा आहे आणि मी सरळ त्यात पडले. ढग म्हणजे पाणीच. त्याने सगळे पाणी दिले की ढग उरत नाही. मुलाला सांगायचे होते की द्यावे, आणि गोष्ट दाखवत होती की देणारा नाहीसा होतो. अंथरुणात पडलेल्या मुलाच्या हाती हे देऊन दिवा मालवता येत नाही. ताईला त्या रात्री अर्धा तास जास्त बसावे लागले.

पहिला उपाय सगळ्यांना सुचेल तोच केला. सकाळ होते, ऊन पडते, पाण्याची वाफ होते आणि ढग पुन्हा तयार होतो, अशी दोन पाने जोडली. ती शास्त्राला धरून होती आणि चित्रेही छान झाली असती, पण वाचून पाहिल्यावर ती झोपेच्या मुळावर आली. गोष्टीत सूर्य उगवला की ऐकणारे मूलही जागे होते. रात्री वाचायच्या गोष्टीत उजेड हळूहळू कमी व्हायला हवा. माझ्या गोष्टीत तो शेवटी भपकन वाढत होता.

तीन दिवस हा गुंता तसाच राहिला. मग मी गोष्टीतली वेळ बदलली. पाऊस रात्री पडू दे, असे ठरवले. रात्री पाखरे झोपलेली असतात, माकड झोपलेले असते, म्हणजे वर बघणारे कोणी नसते. ढगाला लाज सोडावीच लागत नाही. त्याला योग्य वेळ सापडते. आणि रात्री पाऊस थांबल्यावर आभाळ मोकळे झाले, वारा पडला, तर ओल्या जमिनीवर धुके उतरते. धुके म्हणजे जमिनीला टेकलेला ढगच. मग रिकामा, हलका, दमलेला ढग गवतावर येऊन झोपू शकतो आणि सूर्याची गरजच राहत नाही.

यात थोडी सूट घेतली आहे, ती सांगून टाकते. बरसून गेलेला ढगच खाली येऊन धुके होत नाही. त्याने दिलेल्या पाण्याने जमीन आणि हवा ओली होते आणि त्या ओलाव्यातून धुके बनते. पण पाणी त्याचेच असते, म्हणून ‘इथेच आहे’ हे त्याच्या तोंडचे उत्तर खोटे ठरत नाही, असे मी मानले.

८ फेब्रुवारी

किरकोळ दुरुस्त्या केल्या. झोपलेल्या प्राण्यांत मी बेडूक घातला होता. पावसाच्या रात्री बेडूक झोपत नाही, उलट तेव्हाच ओरडतो; भाचीला हे माझ्याआधी आठवले. त्याच्या जागी खार आली. गडगडाटाचे एक पान होते, तेही काढले, कारण ताईने तो आवाज मन लावून काढला आणि त्यानंतर भाची पुन्हा डोळे मिटेना.

मोठी दुरुस्ती शब्दांच्या शेवटांची होती. मी सवयीने ‘पाहिले’, ‘सांगितले’, ‘झाले’ असे लिहिले होते. ताई वाचताना दर वेळी ‘पाहिलं’, ‘सांगितलं’ असे करत होती आणि डोळ्यांना दिसणारे व तोंडातून निघणारे यांत फरक पडल्यामुळे मधेच अडखळत होती. ज्या मजकुराचा उपयोग मोठ्याने वाचण्यासाठीच आहे, तो बोलतो तसाच लिहिलेला बरा. गोष्टीतले असे सगळे शब्द अनुस्वाराचे केले. नोंदी लिहिताना मात्र माझा हात जुन्याच वळणावर जातो.

१५ फेब्रुवारी

पुस्तिकेची बांधणी केली. चार कागद एकात एक ठेवून मधोमध दुमडले की सोळा पाने मिळतात. मी सुटे कागद घेऊन ओळीने १, २, ३ असे लिहीत गेले आणि दुमडल्यावर बी बोलायच्या आधीच पाऊस पडून गेलेला होता. एक पूर्ण संध्याकाळ आणि तीन चित्रे वाया गेली. नियम साधा आहे: सोळा पानांच्या पुस्तिकेत कागदाच्या एकाच बाजूवर शेजारी येणाऱ्या दोन पानांच्या आकड्यांची बेरीज १७ व्हायला हवी, म्हणजे १६ शेजारी १, २ शेजारी १५, याप्रमाणे. आधी कोऱ्या कागदांची पुस्तिका दुमडून त्यावर पेन्सिलीने आकडे घालावेत आणि मगच ती सोडवून चित्रे काढावीत.

पहिले पान मुखपृष्ठ आणि सोळावे मलपृष्ठ धरले, तर मधे समोरासमोरच्या पानांच्या सात जोड्या राहतात. प्रश्न नेहमी उजव्या पानाच्या शेवटी ठेवला आणि उत्तर पान उलटल्यावर दिले. "आला का गं?" हे उजवीकडे आणि "नाही आला" हे मागच्या पानावर. तेवढ्या एका उलटण्यात मुलाचा श्वास थांबतो.

२० फेब्रुवारी

रात्रीची पाने मी गडद निळ्या रंगाने भरली होती आणि त्यावर पांढऱ्या रंगाने अक्षरे काढली होती. दिवसा ती सुरेख दिसत होती. रात्री उशाच्या मंद पिवळ्या दिव्यात ताईला एकही ओळ लागेना, आणि मोठा दिवा लावला तर झोप उडते. आता प्रत्येक पानाच्या तळाशी दोन बोटे रुंद पट्टी कोरी ठेवून तिथे काळ्या ठळक अक्षरांत मजकूर लिहिला आहे. वर रात्र हवी तेवढी काळी राहू शकते. यापुढे चित्र ज्या दिव्यात वाचले जाणार, त्याच दिव्यात पाहून पुरे करीन.

२३ फेब्रुवारी

अंतिम मजकूर खाली देत आहे. सावकाश वाचला की, पाने उलटण्याचा वेळ धरून, पाच मिनिटांच्या आत संपतो.

एक होता ढग. छोटासा. लाजरा.

सगळे ढग पाऊस द्यायचे. कुणी रिमझिम द्यायचा. कुणी धो धो द्यायचा. लाजरा ढग मात्र गप्प बसायचा. कारण पाऊस आला, की सगळे वर बघायचे. आणि सगळ्यांनी वर बघितलं, की ढगाला कसंसंच व्हायचं.

"आत्ता नको," ढग म्हणायचा. "सगळे बघतायत."

एक दिवस मातीतून आवाज आला. अगदी बारीक. "मला तहान लागली."

"कोण बोलतंय?" ढगाने विचारलं.

"मी बी. मातीच्या आत आहे. इथे अंधार आहे. मला काही दिसत नाही."

"मीसुद्धा दिसत नाही?"

"तूसुद्धा नाही."

ढगाने आतले इवले इवले थेंब गोळा केले. एक मोठा थेंब झाला. ढगाने तो सोडला. टप.

थेंब निघाला. लहान झाला. आणखी लहान झाला. आणि वाटेतच विरला.

"आला का गं?"

"नाही आला."

ढग थोडा खाली आला. टप. टप. थेंब निघाले. अर्ध्या वाटेत विरले. पण हवा गार झाली. हवा ओली झाली.

"आला का गं?"

"नाही आला. पण गार वास आला."

ढग आणखी खाली आला. तेवढ्यात संध्याकाळ झाली. पाखरांनी डोळे मिटले. खारीने डोळे मिटले. माकडाने डोळे मिटले. आता कुणीच वर बघत नव्हतं.

टप. टप टप. भुरभुर. रिमझिम. रिमझिम. रिमझिम.

"आला का गं?"

"आला," बी म्हणाली.

ढग हलका झाला. ढग दमला. आणि हळूच गवतावर टेकला. गवतावर टेकलेल्या ढगाला म्हणतात धुकं.

मातीतून आवाज आला. अगदी बारीक. "आहेस का रे?"

"आहे," ढग म्हणाला. "इथेच आहे."

बी झोपली. ढगही झोपला.

२५ फेब्रुवारी

दोन रात्रींच्या वाचनानंतर एकच बदल केला. पाऊस पोहोचतो त्या पानावर ‘रिमझिम’ तीनदा लिहिलेले आहे, पण ताईने पहिल्या रात्री ते सात वेळा म्हटले, दर वेळी आधीपेक्षा हळू, आणि दुसऱ्या रात्री बारा वेळा. म्हणून त्या पानावर तिसऱ्या ‘रिमझिम’पुढचा पूर्णविराम खोडून मी तिथे तीन टिंबे दिली आहेत आणि पट्टीत पुढची जागा कोरी ठेवली आहे.